गोंदेश्वरचे आठ प्रिंट: हाय पास-ओव्हरले आणि स्मार्ट शार्पनच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी

सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराचे आठ फोटो, प्रत्येकी १२ बाय १८ इंच, आमच्या भागातल्या वाचनालयाच्या जिन्यालगतच्या भिंतीवर लावायचे आहेत. लोक जिना चढताना अगदी हातभर अंतरावरून बघणार. त्यामुळे दगडातलं कोरीवकाम खणखणीत दिसलं पाहिजे, पण शार्पनिंगच्या खुणा दिसता कामा नयेत.

फोटो डिसेंबरात काढले. संरक्षित स्मारक असल्यामुळे ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते आणि ती मी घेतलेली नव्हती, म्हणून सगळं हातात कॅमेरा धरून केलं. बाहेरचे पाच फोटो भर उन्हातले, आयएसओ २०० वर. मंडपातले तीन आयएसओ ३२०० वर. पुढची सगळी भांडणं या फरकातून निघाली. बाहेर उन्हातला दगड आणि मागे बहुतेक फोटोंत निळं आकाश. आत काळा दगड, अंधार आणि नॉईज, म्हणजे जास्त आयएसओमुळे येणारे दाणे.

आज एक मोठी चूक झाली. कॅमेऱ्याची फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची. प्रिंटला ३०० पीपीआयने ५४०० बाय ३६०० लागतात. मी आठही फोटो मूळ मापावर शार्प केले आणि मग माप कमी केलं. माप कमी करताना फोटोशॉप पिक्सेल नव्याने बनवतं, त्यात बारीक कडा पुन्हा मऊ झाल्या. दोन तास वाया गेले. आता क्रम ठरवला: आधी डाग-धूळ काढणं आणि रंग, मग माप, आणि शार्पनिंग शेवटी.

८ जानेवारी

पहिला फोटो मुख्य शिखराचा. गोंदेश्वरचं शिखर भूमिज पद्धतीचं आहे, म्हणजे छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी खालून वर चढत जातात. एका फोटोत हीच नक्षी शंभर वेळा येते, तळाशी मोठी आणि वर जाताना बारीक. शार्पनिंग तपासायला यापेक्षा चांगला नमुना मिळणार नाही.

सुरुवात हाय पासने केली, कारण गेली कित्येक वर्षं तेच वापरत आले आहे. लेयरची प्रत काढली (`Ctrl+J`), आणि मग

```
Filter > Other > High Pass > Radius 3.0
Blend Mode: Overlay
```

हाय पास काय करतं हे एका वाक्यात सांगायचं तर चित्रातून त्याचीच धूसर प्रत वजा करतं आणि उरलेला फरक मधल्या करड्या रंगावर, ० ते २५५ पैकी १२८ वर, मांडतं. जिथे फरक नाही तिथे सपाट करडं, आणि ओव्हरलेमध्ये १२८ चा खालच्या चित्रावर काहीच परिणाम होत नाही. कड असेल तिथे एका बाजूला १२८ पेक्षा उजळ, दुसऱ्या बाजूला गडद. त्यामुळे फक्त कडा उठतात.

मॉनिटरवर फोटो पूर्ण बसवून पाहिला तेव्हा सुंदर दिसला. ३ पिक्सेलच्या रेडियसने दगडाला एक भरीवपणा येतो आणि तो मोहात पाडतो. १०० टक्क्यांवर गेले तेव्हा शिखराच्या कडेने आकाशात फिकट पट्टी दिसली. हाच तो हेलो.

९ जानेवारी

पूर्ण दिवस हेलोमागे गेला.

रेडियस ३ असेल तर कडेपासून साधारण दुप्पट अंतरापर्यंत, म्हणजे ६ पिक्सेलपर्यंत, परिणाम जाणवतो. ३०० पीपीआयला ६ पिक्सेल म्हणजे अर्धा मिलिमीटर. हातभर अंतरावरून अर्ध्या मिलिमीटरची पट्टी सहज दिसते. रेडियस १ ला तीच पट्टी ०.१७ मिलिमीटरची होते आणि डोळा तिला कड म्हणूनच वाचतो. म्हणून बाहेरच्या फोटोंना रेडियस १.२ वर आणला. भरीवपणा गेला, पण तो माझ्या मते शार्पनिंगचा भागच नव्हता, तो स्थानिक कॉन्ट्रास्ट होता. हवा असेल तर वेगळ्या लेयरवर, आकाश मास्क करून द्यावा.

खरा त्रास वेगळाच होता. पट्टी नुसती उजळ नव्हती, तिचा निळा रंगही उडाला होता, जणू शिखराच्या कडेला कुणी पांढरट खडू फिरवला. आधी वाटलं हाय पासचा लेयर रंगीत राहिल्यामुळे असेल. `Ctrl+Shift+U` ने त्यातला रंग काढला. कडांवरची जांभळट-हिरवी झाक गेली, पांढरटपणा तसाच राहिला.

मग कागदावर मांडलं. आकाशाचा एक पिक्सेल घेतला: लाल ९५, हिरवा १५०, निळा २१५. त्याच्यावर हाय पासचं मूल्य १४८, म्हणजे १२८ पेक्षा २० ने उजळ. ओव्हरलेचं सूत्र असं:

```
खालचे मूल्य < 128:  2 × खालचे × वरचे / 255
अन्यथा:  255 − 2 × (255 − खालचे) × (255 − वरचे) / 255
```

उत्तर आलं ११०, १६७, २२१. लाल १५ ने वाढला, हिरवा १७ ने, निळा फक्त ६ ने. म्हणजे आकाश उजळ होताना पांढऱ्याकडे सरकलं. हाय पासचा लेयर पूर्ण करडा असूनही रंग बदलला, कारण ओव्हरले प्रत्येक चॅनेलवर वेगळा चालतो आणि जो चॅनेल मधल्या मूल्याच्या जवळ आहे त्याला सर्वांत जास्त ढकलतो.

हाच प्रकार उलट दिशेनेही होतो. उन्हात तांबूस दिसणाऱ्या दगडाचा पिक्सेल २००, १२०, ६०. त्यावर हाय पासची गडद बाजू, ११०. उत्तर १९२, १०४, ५२. हिरवा सर्वांत जास्त पडला, म्हणून कडेची सावली लालसर झाली. शिखराच्या फोटोत नक्षीच्या खाचा जरा तांबूस का दिसत होत्या हे आज कळलं. मी तो उन्हाचा रंग समजून बसले होते.

उपाय सुचला तो ल्युमिनॉसिटीचा, म्हणजे फक्त उजळपणा बदलायचा आणि रंग खालचाच ठेवायचा. पण लेयरचा ब्लेंड मोड आधीच ओव्हरले आहे, एका लेयरला दोन मोड देता येत नाहीत. म्हणून हाय पासचा लेयर ग्रुपमध्ये टाकला आणि ग्रुपला `Luminosity` दिलं. सगळं चित्र करड्या चिखलासारखं सपाट झालं. पाऊण तास समजेना. कारण हे होतं: ग्रुपचा मूळ मोड `Pass Through` असतो, तेव्हा आतला ओव्हरले ग्रुपबाहेरच्या चित्रावर चालतो. मोड बदलला की ग्रुप स्वतंत्र होतो, आतल्या ओव्हरलेला खाली काहीच मिळत नाही आणि तो नुसता करडा लेयर म्हणून उरतो.

दुरुस्ती सोपी निघाली. ग्रुपच्या आत तळाशी मूळ फोटोची एक प्रत ठेवली, तिच्यावर हाय पासचा ओव्हरले, आणि मग ग्रुपला `Luminosity`. आकाशाची पट्टी निळीच राहिली, खाचांचा तांबूसपणा गेला. फाइल जड झाली, पण आता बाहेरच्या सर्व फोटोंना हीच रचना.

१० जानेवारी

चाचणीसाठी चार प्रिंट काढले. १२ बाय १८ चा पूर्ण प्रिंट १८० रुपयांना पडतो, म्हणून फोटोचा १८०० बाय १२०० पिक्सेलचा तुकडा कापून ४ बाय ६ वर छापून घेतला, १२ रुपयाला एक. पिक्सेल तेवढेच असल्यामुळे मोठ्या प्रिंटवर तो भाग जसा दिसेल तसाच इथे दिसतो. फक्त लॅबमध्ये ठणकावून सांगावं लागतं की कलर करेक्शन करू नका आणि फाइल आहे त्याच मापाला छापा.

रेडियस १.२, ओपॅसिटी ७० टक्के हा तुकडा सर्वांत चांगला. ३ रेडियसच्या तुकड्यावरची पट्टी मी न सांगता माझ्या बहिणीलाही दिसली.

१२ जानेवारी

पहिला पूर्ण प्रिंट फुकट गेला. १८० रुपये.

शिखराच्या फोटोत उजवीकडून एक विजेची तार जाते. ती काढायची राहिली होती हे ११ तारखेला लक्षात आलं. मी खालच्या फोटोवर आणि ग्रुपमधल्या प्रतीवर हीलिंग ब्रशने तार काढली, मॉनिटरवर बघितलं, ठीक वाटलं, फाइल पाठवली. प्रिंटवर आकाशात तारेच्या जागी एक अस्पष्ट दुहेरी रेघ.

कारण समजायला फार वेळ लागला नाही, पण चूक मनाला चांगलीच लागली. हाय पासचा लेयर ही जुन्या फोटोची प्रत आहे. खालची तार गेली तरी वरच्या लेयरमध्ये तारेच्या दोन्ही कडा तशाच राहिल्या आणि ओव्हरलेने त्या मोकळ्या आकाशावर उमटवल्या.

स्मार्ट ऑब्जेक्टवर फिल्टर लावला असता तर हे झालं नसतं, कारण तिथे आतला फोटो दुरुस्त केला की फिल्टर पुन्हा नव्याने चालतो. हाय पाससाठीही तसं करता येतं, आधी रंग काढून मग `Convert for Smart Filters`, पण प्रत वेगळीच असल्यामुळे तारेचा प्रश्न सुटत नाही. म्हणून हाय पासचा एक पक्का नियम लिहून ठेवते: त्याच्या खालच्या चित्रात एकही डाग काढला तर हाय पास पुन्हा करायचा. मास्क आणि ओपॅसिटी तशीच ठेवून नवी प्रत घालायला पाच मिनिटं लागतात.

१३ जानेवारी

आतले फोटो. मंडपातल्या खांबावरची एक आकृती, डावीकडून दारातून येणारा उजेड, बाकी सगळा दगड काळोखात.

बाहेर जमलेलीच रचना लावली. आकृतीवर काहीही फरक पडला नाही. लेयर बंद-चालू करून पाहिला तर उजेड पडलेला खांबाचा भाग झटक्यात तीक्ष्ण होत होता आणि सावलीतला चेहरा जिथल्या तिथे. मग मी जे करायला नको होतं ते केलं: ओव्हरले लेयरच्या आणखी दोन प्रती काढल्या. चेहरा थोडासा उठला, पण उजेडातला खांब असा करकरीत झाला की दगडाचे कण मिठासारखे दिसू लागले.

पुन्हा कागद. काळोखातल्या दगडाचं मूल्य ३०. हाय पासमध्ये २० चा फरक मानला तरी ओव्हरले त्याला ३० वरून ३५ वर नेतो, म्हणजे फक्त ५. मूल्य १२८ असेल तर तोच २० चा फरक पूर्ण २० चा बदल करतो. आणि २२५ ला पुन्हा फक्त ५. ओव्हरले मधल्या टोनमध्ये पूर्ण ताकदीने चालतो आणि दोन्ही टोकांकडे विरत जातो. शिवाय सावलीत मुळात कडांचा फरकच २० चा नसतो, ७-८ चा असतो. त्यातला चौथा हिस्सा म्हणजे दोन. दोनने कुणाला काय दिसणार.

बाहेरच्या फोटोंत हाच गुण मला उपयोगी पडला होता. उन्हाने चमकणाऱ्या कडा पांढऱ्याफट्ट झाल्या नाहीत ते यामुळेच. तोच गुण आत आडवा आला.

ओव्हरलेच्या जागी `Linear Light` करून पाहिलं. तो मोड मूल्य बघत नाही, सरळ फरकाच्या दुप्पट बेरीज करतो. म्हणून ५० टक्के ओपॅसिटीला तो अगदी अनशार्प मास्क या जुन्या शार्पनिंग फिल्टरच्या १०० टक्क्यांसारखाच वागतो. दोन्हींचे निकाल `Difference` मोडमध्ये एकमेकांवर ठेवून पाहिले तर पडदा जवळजवळ काळा. चेहरा उठला, पण त्याबरोबर आयएसओ ३२०० चा सगळा नॉईजही उठला. इथे हाय पास सोडला. जर मला ओव्हरलेचं मूल्य-भान नकोच असेल, तर मग नॉईजचा वेगळा विचार करणारं साधन घ्यावं.

१४ जानेवारी

संक्रांत. काम नाही. दुपारी गच्चीवर फोनमध्ये चाचणीचे फोटो उगाच मोठे करून बघत बसले.

१५ जानेवारी

स्मार्ट शार्पन. फोटो स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये बदलला आणि

```
Filter > Sharpen > Smart Sharpen
Amount 200%  Radius 1.2 px
Reduce Noise 0%  Remove: Lens Blur
```

`Remove` मध्ये तीन पर्याय आहेत. `Gaussian Blur` म्हणजे अनशार्प मास्कचीच पद्धत. `Motion Blur` कॅमेरा एका दिशेला हलला असेल तर, कोन देऊन. `Lens Blur` कडा आणि बारीक तपशील वेगळे ओळखतो आणि त्यामुळे हेलो कमी देतो. हे खरंच दिसतं. दारातून आलेल्या उजेडाच्या काठावर गाउसियनने जी पट्टी दिली ती लेन्स ब्लरमध्ये अर्ध्याहून कमी होती.

फिल्टरच्या नावावर राइट क्लिक करून `Edit Smart Filter Blending Options` मध्ये मोड `Luminosity` केला. ९ तारखेला ज्यासाठी अर्धा दिवस घालवला ते इथे दोन क्लिकमध्ये झालं, कारण स्मार्ट शार्पनला ओव्हरले लागतच नाही, मोडची जागा रिकामी असते.

चेहऱ्यावरचे छिन्नीचे घाव दिसायला लागले. सावलीत, जिथे ओव्हरले हतबल होता, तिथे. मी खूप खूश झाले आणि १०० टक्क्यांवर गेले. सपाट दगडावर नॉईजचे दाणे एकमेकांना जोडून वळवळणाऱ्या बारीक रेघा झाल्या होत्या. लेन्स ब्लर तपशील शोधतो, आणि नॉईजचा दाणाही त्याला तपशीलच वाटतो.

`Reduce Noise` हळूहळू वाढवत ४५ वर नेला. रेघा गेल्या, कडा शार्प राहिल्या. मॉनिटरवर सरस दिसलं. ४ बाय ६ चा तुकडा न काढता थेट मोठा प्रिंट पाठवला. वेळ वाचवायचा होता.

१६ जानेवारी

दुसरा मोठा प्रिंट फुकट. आणखी १८० रुपये, आणि या वेळी मला आधी दिसलंही नाही. लॅबमध्ये प्रिंट कापणाऱ्या दादांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "मॅडम, हा दगड आहे ना? प्लॅस्टरवर रंग मारल्यासारखा दिसतोय."

बरोबर होतं. `Reduce Noise` कडांना हात लावत नाही, पण कमी कॉन्ट्रास्टचा पोत आणि नॉईज यांत त्याला फरक कळत नाही. बेसॉल्टचा पोत म्हणजे कमी कॉन्ट्रास्टचे बारीक कणच. ते त्याने पुसून टाकले. राहिल्या त्या धारदार कडा आणि त्यांच्यामध्ये गुळगुळीत पृष्ठभाग. दगड जाऊन फायबरची प्रतिकृती झाली.

मॉनिटरवर हे का दिसलं नाही? मी सारखी चेहऱ्याच्या कडांकडे बघत होते. आता तपासताना आधी सपाट भाग बघायचा असं ठरवलं आहे, खांबाची मोकळी बाजू, तळखडा, भिंत. कडा तर चांगल्या दिसणारच, शार्पनिंगचं कामच ते आहे.

१८ जानेवारी

नॉईज शार्पनिंगच्या आत नको, आधी काढायचा. कॅमेरा रॉमध्ये परत गेले. रंगाचा नॉईज २५ वर होताच, उजळपणाचा नॉईज फक्त १८ वर ठेवला. दाणा राहिला, पण बोथट झाला. मग स्मार्ट शार्पनमध्ये `Reduce Noise` फक्त १०, `Amount` ११०, `Radius` १.०.

अजूनही अगदी काळ्या कोपऱ्यांत दाणे उठत होते. त्यासाठी खालचा `Shadows` विभाग उघडला. `Fade Amount` ६० केलं आणि पाहिलं तर चेहरा पुन्हा मऊ. ओव्हरलेने जे स्वतःहून केलं होतं तेच मी आता हाताने करून घेतलं होतं. फरक एवढाच की इथे ते कुठपर्यंत करायचं हे सांगता येतं. `Tonal Width` ५० वरून १८ वर आणला तेव्हा विरणं फक्त अगदी काळ्या कोपऱ्यांपुरतं उरलं आणि चेहरा त्यातून सुटला. हा स्लायडर मी आजपर्यंत कधी हलवला नव्हता.

उरलेलं मास्कने. फिल्टरचा मास्क काळा करून ३० टक्के ब्रशने फक्त आकृती, खांबाच्या कडा आणि नक्षीचे पट्टे उघडले. मागची भिंत शार्प केलीच नाही. एका फोटोला चाळीस मिनिटं लागली.

४ बाय ६ चे सहा तुकडे काढले. तीन फोटोंपैकी दोन पास. तिसऱ्यात हात हलला होता. `Motion Blur` चा कोन जुळवून पाहिला, पण हलणं एका सरळ रेषेत नव्हतं, त्यामुळे कडांच्या शेजारी दुसरी कड उमटली. हा फोटो सोडला. त्याच जागेचा दुसरा, जरा कमी आवडता पण स्थिर फोटो घेतला. त्याचं सगळं काम पुन्हा.

२० जानेवारी

आत इतकं छान जमल्यावर वाटलं, बाहेरच्या पाचांनाही स्मार्ट शार्पनच का देऊ नये? हेलो कमी, ल्युमिनॉसिटी सोपी, फाइल हलकी. शिखराच्या फोटोवर `Amount` १५०, `Radius` १.०, लेन्स ब्लर.

पट्टी खरंच जवळजवळ नाही. पण शिखराच्या उजवीकडच्या छोट्या शिखरांवर ऊन थेट पडतं, तिथल्या कडांचं मूल्य मुळातच २३५ च्या आसपास. २० च्या फरकाला १५० टक्के म्हणजे ३० ची भर, आणि २५५ च्या वर जागा नाही. सगळ्या उजळ कडा एकाच पांढऱ्यावर जाऊन चिकटल्या. त्याच पिक्सेलला ओव्हरलेने २३८ वर नेलं असतं आणि दगडाचा पोत शाबूत राहिला असता.

तपासायची पद्धत: सर्वांत वर `Levels` चा ॲडजस्टमेंट लेयर घ्या, `Alt` दाबून उजवीकडचा पांढरा स्लायडर नुसता धरा. पडदा काळा होतो आणि जिथे मूल्य संपलं आहे तेवढेच ठिपके दिसतात. शार्पनिंग बंद असताना माझ्याकडे ठिपके बोटावर मोजण्याइतके होते. चालू केल्यावर उन्हाची अख्खी बाजू ठिपक्यांच्या ओळींनी भरली, प्रत्येक छोट्या शिखराची एक ओळ.

`Highlights` चं `Fade Amount` ७० आणि `Tonal Width` ४० केलं की ठिपके बरेचसे गेले. पण उजेड-सावलीच्या सीमेवर शार्पपणा अचानक बदलतो असं मला जाणवलं. एका छोट्या शिखराची डावी बाजू ताठ, उजवी ढिली. ओव्हरलेचं विरणं गुळगुळीत वक्रासारखं असतं, इथे ते स्लायडरच्या अंदाजाने बसवावं लागतं आणि प्रत्येक फोटोला वेगळं बसतं.

बाहेरचे पाचही हाय पासवरच ठेवले.

२१ जानेवारी

बाहेरच्या एका फोटोत नंदीमंडप आहे: उन्हातला जोता, आणि छताखाली काळोखात नंदी. दोन्ही प्रश्न एकाच चौकटीत. इथे दोन्ही पद्धती मास्क करून वापरल्या. तळाशी स्मार्ट ऑब्जेक्ट, त्यावर स्मार्ट शार्पन, मास्कमध्ये फक्त छताखालचा भाग. वर हाय पासचा ल्युमिनॉसिटी ग्रुप, मास्कमध्ये बाकीचं सगळं.

पहिल्या प्रयत्नात हाय पासची प्रत स्मार्ट शार्पन चालू असताना काढली. मास्कच्या सीमेवर, जिथे दोन्ही थोडे थोडे चालतात, तिथे दुहेरी शार्प झालं आणि खांबाच्या कडेला काळी रेघ आली. स्मार्ट फिल्टरचा डोळा बंद करून प्रत पुन्हा काढली, मग डोळा चालू केला. सीमेवर मास्क ४० पिक्सेलने मऊ केला. रेघ गेली.

चार तुकडे छापले. नंदीच्या गळ्यातल्या घुंगरांच्या माळेवर स्मार्ट शार्पनचा `Amount` ११० जरा जास्त वाटला, ९० केला.

२४ जानेवारी

आठही मोठे प्रिंट आले. खर्च: चाचणीचे १४ तुकडे १६८ रुपये, फुकट गेलेले दोन मोठे ३६०, शेवटचे आठ १४४०. एकूण १९६८ रुपये. पहिल्या दिवसापासून ४ बाय ६ चे तुकडे काढले असते तर ३६० वाचले असते.

ज्यांना हेच करायचं आहे त्यांच्यासाठी माझ्या फाइलींतली शेवटची मूल्यं. ती ५४०० बाय ३६०० पिक्सेल, लस्टर पेपर आणि हातभर अंतर यांच्यासाठी आहेत, दुसऱ्या मापाला जशीच्या तशी लावू नका.

```
बाहेर: High Pass 1.2 px, Overlay, 70%, Luminosity ग्रुपमध्ये
आत: Smart Sharpen 110% (नंदी 90%), 1.0 px, Lens Blur,
    Reduce Noise 10%, Shadows Fade 60 / Width 18, Luminosity
```

एक प्रिंट अजून मनासारखा नाही. पार्वतीच्या छोट्या मंदिराच्या फोटोत आकाश पांढरट ढगाळ आहे, मूल्य २४० च्या वर. तिथे ओव्हरलेने हेलो दिला नाही, पण त्या उजेडावर टेकलेली कळसाची बारीक कडही उठली नाही, कारण तीही त्याच उजळ टोकाला आहे. तेवढ्या भागावर स्मार्ट शार्पन `Highlights` न विरवता, अगदी ५० टक्क्यांवर, मास्कने देऊन बघणार आहे. शनिवारी लॅब उघडी असते, तुकडा तेव्हा काढेन.